शेजारच्या सीटपुढचं पाणी

पावसाळ्यात गाडीच्या आत पाणी दिसलं की पहिला संशय पावसावर जातो. दाराचं रबर गेलं असेल, काच नीट बसत नसेल, धुताना कुठून तरी शिरलं असेल. पण चालकाशेजारच्या सीटपुढची मॅट कोरड्या दिवशीही भिजत असेल, उजवीकडे वळताना डॅशबोर्डखालून टपटप थेंब पडत असतील आणि एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं कुबट वास येत असेल, तर पावसाला सोडून द्यावं. हे पाणी एसीनेच केलेलं आहे. ते करणं हे एसीचं रोजचं काम आहे. बिघाड आहे तो पाण्याच्या बाहेर जाण्याच्या वाटेत.

डॅशबोर्डच्या मागे, बहुतेक गाड्यांत मधोमध किंवा थोडी डावीकडे, प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. तिच्यात ब्लोअर असतो आणि त्याच्यापुढे इव्हॅपोरेटर. गॅरेजमध्ये याला सगळे ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात. पातळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या दाटीने बसवलेली ही जाळी एसी चालू असताना शून्याच्या थोडी वर, म्हणजे तीनचार अंश तापमानाला असते. दमट हवा तिच्यातून गेली की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं जाळीवर पाणी सुटतं.

हे पाणी किती असतं, याचा अंदाज अनेकांना नसतो. जुलैतल्या कोकणच्या हवेत दर घनमीटरमागे वीस ग्रॅमहून जास्त वाफ असते. कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या थंड हवेत त्यातली आठदहा ग्रॅमच उरते. म्हणजे घनमीटरमागे साधारण 12 ग्रॅम पाणी कॉइलवरच राहिलं. ब्लोअर मध्यम वेगावर तासाला 200 घनमीटर हवा ढकलतो असं धरलं आणि ती सगळी बाहेरची असली, तर तासाभरात दोन लिटरच्या वर पाणी जमतं. आतलीच हवा फिरवत ठेवली तर ती हळूहळू कोरडी होत जाते आणि पाणी बरंच कमी सुटतं. तरीही मुंबई-पुणे प्रवासात एखादी मोठी बाटली भरेल एवढं पाणी डॅशबोर्डमागे तयार होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण ते रस्त्यावर सांडत जातं.

सांडण्याची वाट अगदी साधी आहे. पेटीच्या तळाला उतार असतो आणि त्याच्या टोकाला बोटाएवढ्या जाडीची ड्रेन नळी. ती इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून किंवा पायाखालच्या पत्र्यातून बाहेर निघते आणि गाडीच्या पोटाखाली उघडते. बाहेरून किडे, चिखल शिरू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत तिच्या टोकाला खाली वळलेलं किंवा चिरेसारखं तोंड असलेलं रबर बसवतात. पंप नाही, झडप नाही, पाणी आपल्या वजनाने उतरतं. म्हणूनच एवढासा गाळ अडकला तरी खेळ थांबतो.

हा गाळ आतूनच येतो. एसी फिल्टर जुना झाला, फाटला किंवा कोणी काढून परत लावायलाच विसरलं, की धूळ, कपड्यांचे तंतू आणि झाडाखाली उभ्या गाडीत शिरणारा पालापाचोळा थेट ओल्या कॉइलवर चिकटतो. तिथून तो पाण्याबरोबर खाली वाहतो आणि नळीच्या वळणावर बसतो. बाहेरून येणारे अडथळे जास्त मजेशीर असतात. कुंभारीण माशीला असं अंधारं भोक घरट्यासाठी फार पसंत. महिनाभर एका जागी उभी राहिलेली गाडी असेल तर तोंडाशी मातीचा बुचा सापडू शकतो. तिसरं कारण माणसांचं आहे, आणि ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये ते मला प्रत्यक्ष बघायला मिळालं.

एक छोटी हॅचबॅक आली होती. मालकाची तक्रार हीच: डावीकडे पाणी आणि वास. आधीच्या गॅरेजने गॅस कमी असल्याचं सांगून तो भरून दिला होता. पाणी थांबलं नाही तेव्हा ‘डॅशबोर्ड खोलावा लागेल’ असं म्हटलं होतं. गॅसचा आणि या पाण्याचा थेट संबंध नाही. गाडीच्या एसीतला गॅस गळला तर वायू होऊन उडून जातो, पाणी होऊन मॅटवर पडत नाही. गॅस फारच कमी असेल किंवा फिल्टर ठार बंद असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो एकदम वितळतो, एवढाच दूरचा धागा. पण तेव्हा गार हवा मंद होत जाते, आणि या गाडीची हवा झकास गार आणि जोरात येत होती.

मेकॅनिकने हत्यार उचललं नाही. गाडी कोरड्या लादीवर उभी करून एसी पूर्ण लावला आणि तो चहा प्यायला गेला. वीसेक मिनिटांनी परत येऊन बॅटरी मारून खाली बघितलं. लादी कोरडी ठणठणीत. एवढ्या दमट दिवशी वीस मिनिटं एसी चालून गाडीखाली थेंब नाही, तर ते पाणी आतच साठतंय, हे तिथेच ठरलं. मग त्याने डावीकडची मॅट उचलून पांढरा टिश्यू दाबून धरला. टिश्यूला रंग नाही, चिकटपणा नाही, गोडसर वास नाही. हे का बघायचं, तर त्याच पेटीत हीटरचंही छोटं रेडिएटर असतं, आणि ते गळलं तर मॅटवर येतं ते कूलंट: रंगीत, बुळबुळीत, गोड वासाचं. त्या वेळी इंजिनपाशी असलेल्या टाकीतली पातळीही उतरते. तो वेगळा आणि जास्त गंभीर आजार.

गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा खरा प्रकार दिसला. पावसाळ्याआधी मालकाने अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं. फवारणाऱ्याने झाकायचं काही झाकलंच नव्हतं. ड्रेनचं रबर इतकं काळं माखलं होतं की ते पत्र्यापासून वेगळं ओळखूही येत नव्हतं. मेकॅनिकने बोटाने चाचपून ते शोधलं आणि नखाने तोंडावरची साय खरवडली. आधी तपकिरी, बुळबुळीत गाळाचा एक लोंदा पडला, आणि मागोमाग पाण्याची धार लागली. धार बराच वेळ चालली. खाली धरलेला डबा जवळजवळ भरला. उजव्या वळणावरच थेंब का पडायचे, हेही मग उघड झालं: पेटीत साठलेलं पाणी वळताना डावीकडे फेकलं जायचं आणि जोडातून शेजारच्या सीटपुढे उतरायचं.

घरी हे करता येतं, पण दोन गोष्टी सांभाळून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, आणि नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब नसते म्हणून इंजिन गार होऊ द्यायचं. रबराचं तोंड सापडलं की आधी ते दोन बोटांत चिमटून सैल करावं. पुष्कळदा एवढ्यानेच धार लागते. नाही लागली तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी किंवा तशीच मऊ, लवचिक वस्तू हळूहळू सरकवावी. सायकलची तार, स्क्रूड्रायव्हर असलं काही नको, कारण आत प्लास्टिकची पेटी आणि कागदासारखी पातळ कॉइल आहे, आणि कॉइलला भोक पडलं तर मग खरोखरच गॅसचा आणि डॅशबोर्डचा खर्च येतो. गॅरेजमध्ये टायरची हवा मारतात त्याच दाबाने नळीत हवा मारायची सवय असते. तीही मला पटत नाही. एवढ्या जोराने नळी आतल्या टोकाशी निसटू शकते, किंवा सगळा गाळ उलटा उडून वर ब्लोअर आणि वायरींवर बसतो. ओलं ओढणारा व्हॅक्युम क्लीनर तोंडाशी लावून गाळ बाहेर खेचणं त्याहून कितीतरी बरं.

ठाण्यातल्या गाडीचं पाणी थांबलं, वास मात्र राहिला. तो राहणारच होता. साचलेल्या पाण्यात आणि धुळीने माखलेल्या कॉइलवर बुरशी आणि जिवाणूंचा थर धरलेला असतो, आणि एसी लावल्यावरची पहिली हवा त्याच्यावरून येते. यावर डॅशबोर्डवरच्या अत्तराची बाटली म्हणजे दुहेरी वास. काम होतं ते फोमने. एसी फिल्टर काढायचा, त्या खोबणीतून किंवा खालच्या ड्रेनमधून लांब नळीने कॉइल साफ करायचा फोम सोडायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, मग खिडक्या उघड्या ठेवून ब्लोअर चालवायचा. मळ पाण्याबरोबर खाली ड्रेनमधून उतरतो, म्हणून ड्रेन आधी मोकळा असायला हवा. बंद ड्रेनवर फोम मारून घेतला तर तो मळ पेटीच्या तळात जाऊन बसतो आणि पंधरा दिवसांत वास परत. त्या गाडीतला जुना फिल्टर बाहेर काढला तेव्हा त्याच्या घड्यांत गुलमोहराच्या बारीक पानांचा थर होता.

रोजच्या वापरात मुक्काम यायच्या चारपाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायचा सल्ला देतात. पुण्यात, नागपुरात कोरड्या दिवसांत याचा चांगला उपयोग होतो, कॉइल वाळते. रत्नागिरीच्या जुलैत बाहेरची हवाच ओली असते, तिथे कॉइल वाळेल ही आशा धरू नये. उलट काचेवर वाफ धरली तर एसी परत लावावा.

उरतं ते कार्पेट, आणि नेमकं तेच लोक सोडून देतात. वरचा थर दोन दिवसांत कोरडा लागतो. त्याच्याखाली आवाज दाबण्यासाठी जाड नमदा घातलेला असतो, तो पाणी पिऊन बसतो आणि बंद गाडीत आठवडेच्या आठवडे वाळत नाही. दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेटची कड उचलायची, तळहात नमद्यात दाबून बघायचा. पाणी वर आलं तर फडक्याने टिपून, खाली काही तरी टेकवून ते अधर ठेवायचं आणि दारं उघडी टाकून गाडी उन्हात लावायची. त्याच जागी वायरींचे जोड असतात, काही गाड्यांत नियंत्रणाचा डबाही, त्यामुळे मुरलेलं पाणी नुसत्या वासावर थांबत नाही.

डॅशबोर्ड खोलण्याची वेळ क्वचित येते. गाडीखाली थेंब व्यवस्थित पडताहेत आणि तरी आत मॅट भिजतेय, असं असेल तर नळी आतल्या टोकाशी निसटलेली असू शकते, पत्र्यातून बाहेर पडते तिथला फोमचा वॉशर कुजलेला असू शकतो, किंवा पेटीलाच तडा गेलेला असू शकतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी काही गाड्यांत नुसतं खालचं कव्हर काढून हात घातला तरी जमतात. तिसरीला मात्र इलाज नाही. तेव्हा गॅस काढून, डॅशबोर्ड उतरवून पेटी बाहेर घ्यावी लागते, आणि हे सगळं खोललेलंच आहे तर कॉइलही बाहेर काढून धुऊन घ्यावी.