पत्रिकेवरच्या जोडीची कड

लग्नपत्रिकेवर जोडीचा फोटो घ्यायचा तर मागचं सगळं काढून फक्त दोघांना उचलावं लागतं. ते फसलं की पत्रिका हातात घेणाऱ्याला लगेच कळतं. फेट्याभोवती हिरवट रेघ दिसते, नाहीतर नवरीचे केस कात्रीने कापल्यासारखे वाटतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: सगळी आकृती एकाच पद्धतीने कापलेली असते. माणसाची कड मात्र सगळीकडे सारखी नसते. कुर्त्याचा खांदा ठसठशीत असतो, मोकळे केस टोकाकडे विरत जातात. फोटोत कड जिथे जशी आहे, तिथे तशीच ठेवली की काम साधतं.

साखरपुड्याचा एक फोटो घेऊ. लॉनवर काढलेला, मागे गर्द झाडं. त्याचा क्रीम कुर्ता आणि फेटा, तिची पैठणी, मोकळ्या केसांत गजरा. पत्रिका मरून रंगाची आहे आणि जोडी तिच्यावर चार इंच उंच हवी आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे जोडीचीच उंची निदान १२०० पिक्सेल हवी. दुप्पट असेल तर कापायला सोपं जातं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा. साधा पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो आणि कडेला बारीक चौकड्या उमटतात. अशी कड पुढे कितीही कष्ट घेतले तरी स्वच्छ होत नाही.

फोटोशॉपमध्ये आधी ठसठशीत भाग घ्यायचे: फेटा, खांदे, हात, साडीचे काठ. इथे पेन टूलला पर्याय नाही. फोटो २०० टक्के मोठा करावा आणि रेघ कडेवरून न नेता पिक्सेलभर आतून न्यावी, कारण अगदी कडेच्या पिक्सेलमध्ये कापडाचा आणि मागच्या झाडाचा रंग मिसळलेला असतो. बिंदू जितके कमी तितका बाक सुरेख येतो. खांद्याच्या गोलाईला दोन-तीन पुरतात. केसांपाशी मात्र रेघ ढिली, मागची थोडी झाडी आत घेऊन जाऊ द्यावी. रेघ पूर्ण झाली की `Ctrl+Enter` दाबून सिलेक्शन करायचं, `Feather` ०.५ पिक्सेल द्यायचा आणि लेयर मास्क लावायचा. मागचा भाग खोडून टाकू नये. मास्कवर काळ्या ब्रशने झाकता येतं, पांढऱ्याने परत आणता येतं. खोडलेलं फाइल बंद केल्यावर परत येत नाही. त्याचा हात आणि कंबर यांच्यामध्ये दिसणारी फट वेगळी निवडून मास्कवर काळी करावी. नेमकी हीच जागा घाईत राहून जाते.

आता केस. मास्क निवडून `Select and Mask` उघडावं आणि `Refine Edge Brush` फक्त केसांच्या टोकांवरून फिरवावा. खांद्यावर किंवा गजऱ्यावर गेला तर तिथली चांगली कड कुरतडल्यासारखी होते. सुटी बट आणि तिच्यामागची थोडी झाडी, दोन्ही ब्रशखाली आली पाहिजेत. एखादी एकटी, दूर उडालेली बट नीट येत नसेल तर मी ती सरळ झाकून टाकते. पत्रिकेवर तिची उणीव कोणाला भासत नाही, अर्धवट तुटलेली बट मात्र खुपते.

मग खालच्या लेयरवर पत्रिकेचाच मरून रंग भरून पाहायचं. पांढऱ्यावर निर्दोष वाटलेली कड इथे उघडी पडते: केसांच्या टोकांना हिरवी झाक, कुर्त्याच्या बाहीवर गवताचा उजेड. यासाठी `Decontaminate Colors` आहे, पण तो कडेचे रंग स्वतःच्या अंदाजाने बदलतो आणि केस कधीकधी माखल्यासारखे दिसतात. माझी पसंती हाताने रंगवण्याला आहे. जोडीच्या वर नवा लेयर घेऊन तो तिलाच क्लिप करावा, मोड `Color` ठेवावा, जवळच्याच केसांचा रंग उचलून मऊ ब्रशने टोकांवरून फिरवावा. बाहीवर कुर्त्याचा रंग. या मोडमध्ये फक्त रंग बदलतो, उजेड तसाच राहतो. त्यामुळे मागे गर्द झाडं असताना हे पुरतं. मागे उजळ आकाश असेल तर टोकं पांढुरकीच राहतात. त्यांना `Multiply` मोडवर गडद करावं लागतं.

छापखान्यात पत्रिका बहुधा कोरलड्रॉमध्ये जुळवतात. तिथे जेपीजी दिली तर जोडीमागे पांढरा चौकोन येतो. पीएनजीत मागची जागा पारदर्शक राहते, पण छपाईचे सीएमवायके रंग तिच्यात ठेवता येत नाहीत. म्हणून रंग सीएमवायकेमध्ये बदलून, पार्श्वभूमीचा लेयर बंद करून, पीएसडी द्यावी.