तीन ध्रुवकांमधून जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता

ध्रुवक (पोलरायझर) म्हणजे प्रकाशाच्या कंपनांपैकी केवळ एका ठरावीक दिशेतील कंपने पुढे जाऊ देणारी पट्टी. या दिशेला ध्रुवकाचा पारेषण अक्ष म्हणतात. दोन ध्रुवकांचे अक्ष एकमेकांशी ९०° कोन करतील असे ठेवले, तर त्यांतून जवळजवळ काहीच प्रकाश पलीकडे येत नाही. या मांडणीस छेदित ध्रुवक म्हणतात. मात्र या दोहोंच्या मध्ये तिसरा ध्रुवक तिरपा ठेवताच पलीकडे पुन्हा प्रकाश दिसू लागतो.

## मालूसचा नियम

दिव्याचा किंवा सूर्याचा प्रकाश अध्रुवित असतो. म्हणजे त्याची कंपने प्रसारणाच्या दिशेला लंब असलेल्या सर्व दिशांत सारखीच होत असतात. असा प्रकाश पहिल्या ध्रुवकातून गेला की त्याची तीव्रता निम्मी होते आणि त्याची कंपने त्या ध्रुवकाच्या अक्षाच्या दिशेत येतात. हे निम्मेपण ध्रुवक कसाही फिरवला तरी बदलत नाही.

दुसऱ्या ध्रुवकावर पडणारा प्रकाश मात्र आधीच ध्रुवित असतो. दोन अक्षांमधील कोन θ असेल, तर कंपनाच्या आयामाचा cos θ एवढाच घटक दुसऱ्या अक्षाच्या दिशेत असतो. तेवढाच पुढे जातो, उरलेला शोषला जातो. तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने

I = I₁ cos²θ

हे सूत्र मिळते. येथे I₁ ही दुसऱ्या ध्रुवकावर पडणारी तीव्रता होय. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एत्येन-लुई मालूस यांच्या नावावरून यास मालूसचा नियम म्हणतात. कोन ९०° असता cos θ शून्य होतो, म्हणून छेदित ध्रुवकांतून अंधार दिसतो.

## तिसरा ध्रुवक ठेवल्यावर

ध्रुवक हा केवळ प्रकाश कमी करणारा पडदा असता, तर तिसरी पट्टी ठेवल्याने अंधार कायम राहिला असता. परंतु ध्रुवक दोन गोष्टी करतो: तो प्रकाशाचा काही भाग शोषतो, आणि जो भाग पुढे जातो त्याची कंपने स्वतःच्या अक्षाच्या दिशेत आणतो. मधला ध्रुवक ओलांडल्यावर प्रकाशाला पहिल्या अक्षाची दिशा उरलेली नसते. त्यामुळे शेवटच्या अक्षाशी त्याचा कोन ९०° राहत नाही.

समजा, अध्रुवित प्रकाशाची तीव्रता १०० एकक आहे आणि तीन अक्ष अनुक्रमे ०°, ४५° व ९०° आहेत. पहिल्या ध्रुवकानंतर ५० एकक उरतात. ४५° च्या कोसाइनचा वर्ग १/२ असल्याने दुसऱ्यानंतर २५, आणि तिसऱ्यानंतर १२.५ एकक उरतात. म्हणजे मूळ प्रकाशाचा आठवा भाग पलीकडे येतो.

मधल्या ध्रुवकाचा पहिल्याशी कोन θ असेल, तर शेवटच्याशी तो ९०° − θ असतो. दोन्ही टप्पे एकत्र केल्यास सूत्र असे होते:

I = (I₀/8) sin²2θ

मधला अक्ष ३०° वर असता १०० पैकी सुमारे ९.४ एकक मिळतात, ६०° वरही तितकेच. १५° वर ते सुमारे ३.१ उरतात. ०° किंवा ९०° वर पुन्हा अंधार होतो, आणि ४५° वर तीव्रता सर्वाधिक असते. मधला ध्रुवक पूर्ण फेरी फिरवला, तर प्रकाश चार वेळा उजळतो आणि चार वेळा विझतो.

येथे ध्रुवकांचा क्रम महत्त्वाचा आहे. तीच तिरपी पट्टी मध्ये न ठेवता दोन्हींच्या पुढे किंवा मागे ठेवली, तर ०° व ९०° हे अक्ष लागोपाठ येतात आणि अंधार कायम राहतो.

## टप्पे वाढवल्यास

९०° चे वळण अधिक लहान टप्प्यांत घेतल्यास आदर्श ध्रुवकांतून अधिक प्रकाश मिळतो. ३०° चे तीन टप्पे घेतल्यास १०० पैकी सुमारे २१, आणि २२.५° चे चार घेतल्यास सुमारे २६.५ एकक उरतात. टप्पे अगणित केले, तर ही तीव्रता ५० कडे झुकते.

प्रत्यक्षातील पट्टी मात्र स्वतःच्या अक्षाच्या दिशेतील प्रकाशही थोडा शोषते. समजा, ती त्यापैकी ८४ टक्केच पुढे सोडते. मग दोन टप्प्यांनंतर सुमारे ७.४, तीनांनंतर १०.५, चारांनंतर ११.१ आणि पाचांनंतर १०.६ एकक उरतात. म्हणजे चार टप्प्यांपुढे पट्टी वाढवल्याने लाभ न होता तोटा होतो.

## प्रयोगातील चुका

ध्रुवक छेदित असूनही अंधार होत नसेल, तर पट्टीचा प्रकार तपासावा. त्रिमितीय चित्रपटांच्या अनेक चष्म्यांत व कॅमेऱ्यांच्या काही फिल्टरांत ध्रुवक पट्टीच्या एका बाजूस आणखी एक थर असतो, जो प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करतो. ती बाजू दुसऱ्या पट्टीकडे आली, तर मालूसचा नियम तसाच लागू होत नाही. पट्टी उलटवून पाहिल्यास परिणाम बदलला, तर ती या प्रकारची आहे हे कळते.

दुसरी चूक मापनातील आहे. सामान्य आयोडीनयुक्त पट्टी दृश्य प्रकाश चांगला अडवते, पण अवरक्त प्रकाश फारसा अडवत नाही. तंतूचा बल्ब आणि सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक वापरल्यास डोळ्याला अंधार दिसतो, तरी मापकावर बराच आकडा उरतो. दृश्य प्रकाशाचा एलईडी दिवा घेतल्यास ही अडचण बहुतांशी दूर होते. संवेदकावर बाहेरून येणाऱ्या प्रकाशाचा आकडाही दिवा बंद करून मोजावा व प्रत्येक नोंदीतून वजा करावा.

## प्लॅस्टिकच्या भागांची तपासणी

पिंपरी-चिंचवडमधील भोसरीसारख्या औद्योगिक क्षेत्रात वाहनांचे व यंत्रांचे सुटे भाग बनतात. इंजेक्शन मोल्डिंगने तयार झालेला पारदर्शक भाग साच्यात असमान थंड झाला, तर त्यात ताण अडकून राहतो. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण पुढे त्याच जागी तडा जाऊ शकतो. असा भाग छेदित ध्रुवकांच्या मध्ये धरला की ताण नसलेली जागा काळी राहते आणि ताणाच्या जागी रंगीत पट्टे उमटतात. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात शिरते त्या गेटजवळ हे पट्टे बहुधा दाट असतात.

येथे मध्ये तिसरा ध्रुवक नसतो, तरी प्रकाश दिसण्याचे कारण तसेच आहे: मधली वस्तू कंपनाची अवस्था बदलते. ताणलेले प्लॅस्टिक प्रकाशाचे दोन लंब घटक करते व ते वेगवेगळ्या वेगाने पुढे नेते. त्या दोहोंत पडणारा कलांतर δ असेल, तर

I = I₁ sin²2θ sin²(δ/2)

येथे I₁ ही पहिल्या ध्रुवकानंतरची तीव्रता आणि θ हा ताणाच्या मुख्य दिशेचा पहिल्या अक्षाशी कोन आहे. तीन ध्रुवकांच्या सूत्रातील sin²2θ येथेही येतो. मात्र प्लॅस्टिक प्रकाश फारसा शोषत नसल्याने I₁ एवढी पूर्ण तीव्रताही मिळू शकते, तर मधल्या ध्रुवकाने I₁ चा चौथा भागच मिळतो. δ हा तरंगलांबीवर अवलंबून असतो, त्यामुळे पांढऱ्या प्रकाशात रंग दिसतात.

या सूत्रातून तपासणीची एक मर्यादाही कळते. ताणाची दिशा एखाद्या अक्षाला समांतर असेल, तर sin²2θ शून्य होतो आणि ताण असूनही जागा काळी दिसते. म्हणून भाग ध्रुवकांच्या मध्ये ४५° फिरवून पुन्हा पाहावा लागतो. ताण असेल तर ती जागा सहसा उजळते. तसेच साच्यात वाहताना प्लॅस्टिकच्या रेणुसाखळ्या एका दिशेत ओढल्या गेल्यानेही रंग येतात. त्यामुळे केवळ रंगांवरून ताणाचे नेमके मूल्य सांगता येत नाही. एकाच साच्यातील चांगल्या नमुन्याशी तुलना करणे अधिक भरवशाचे ठरते.