दोनावर तीन: ड्रमवरचा पहिला पॉलिरिदम

रॉक किंवा पॉप गाण्यातला साधा ठेका चार मात्रांचा असतो. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले की मोजणी ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ अशी होते. अंकांवर येणारे ठोके कानाला अपेक्षित असतात, ‘आणि’वर येणारे तितके नसतात. अपेक्षित जागा रिकामी ठेवून आघात या हलक्या जागेवर दिला, की त्याला सिंकोपेशन म्हणतात.

ड्रम सेटवर हे करून पाहणे सोपे आहे. उजव्या हाताने हाय-हॅटवर आठही भाग वाजवायचे, स्नेअर दोन आणि चारवर, बेस ड्रम एक आणि तीनवर. हा ठेका स्थिर झाला की फक्त एक बदल करायचा: तीनवरचा बेस ड्रम अर्धी मात्रा आधी, म्हणजे दोननंतरच्या ‘आणि’वर आणायचा. तीनवर आता फक्त हाय-हॅट उरतो आणि ठेका पुढे झुकल्यासारखा वाटतो. नवशिक्याची चूक इथेच होते. बेस ड्रम लवकर आला म्हणून हातही त्याच्यामागे धावतो आणि लय वाढते. मेट्रोनोम लावून वाजवले, की चारवरचा स्नेअर टिकटिकीच्या आधी पडतो का, यावरून ही चूक लगेच पकडता येते.

सिंकोपेशनमध्ये लयीची चौकट एकच राहते, आघाताची जागा तेवढी सरकते. पॉलिरिदममध्ये मात्र एकाच कालावधीचे दोन वेगवेगळे समान भाग एकाच वेळी ऐकू येतात. त्याचा सर्वांत लहान नमुना म्हणजे दोनावर तीन: एक हात जेवढ्या वेळात दोन ठोके देतो, तेवढ्याच वेळात दुसरा तीन देतो. घानामधल्या एवे लोकांच्या ढोलवादनात हे नाते पायाभूत आहे. तबलावादकही ते ओळखतात. दोन मात्रांत तीन समान आघात बसवण्याला ते आड किंवा दीडपट लय म्हणतात.

हे अंदाजाने साधत नाही, मोजून साधते. २ आणि ३ या दोन्हींनी भागली जाणारी सर्वांत लहान संख्या ६ आहे, म्हणून पूर्ण कालावधीचे सहा समान भाग करायचे. तीन ठोके दर दोन भागांनी येतात आणि दोन ठोके दर तीन भागांनी.

मोजणी: १ २ ३ ४ ५ ६
उजवा हात: १, ३, ५
डावा हात: १, ४

दोन्ही हातांचे मिळून एकच वाक्य तयार होते: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. पहिला ठोका दोन भाग टिकतो, मधले दोन एकेक भाग आणि शेवटचा पुन्हा दोन भाग. तोंडाने ‘धाऽ ति ट ताऽ’ असे म्हटले, की हे अंतर बरोबर बसते. सुरुवातीला काठ्या बाजूला ठेवून, मांडीवर हाताने वाजवणे सोयीचे पडते.

मेट्रोनोम मिनिटाला १२० वर ठेवून प्रत्येक टिकटिक एक भाग धरली, तर सहा भागांना तीन सेकंद लागतात. नमुना बसला की हातांचा वेग न बदलता मेट्रोनोम ४० वर आणायचा. आता टिकटिक फक्त डाव्या हाताबरोबर येते. नंतर ६० वर नेला, की ती उजव्या हाताबरोबर येते. वाजवणे तेच राहते, पण पहिल्या वेळी दोनाची लय मुख्य वाटते आणि दुसऱ्या वेळी तीनाची. दोन्ही बाजूंनी ऐकता येणे, हा या सरावाचा खरा टप्पा.

सर्वसाधारण बिघाड दोन आहेत. पहिला, चारही ठोके सारख्या अंतरावर पडतात आणि पॉलिरिदम नाहीसा होतो. हे तपासण्यासाठी वाजवता वाजवता एक हात थांबवायचा. उरलेल्या हाताचे ठोके समान अंतरावर नसतील, तर तो हात दुसऱ्याच्या आधाराने चालत होता. दुसरा, पहिल्या भागावर दोन्ही हात एकत्र न पडता ‘टर्‌’ असा दुहेरी आवाज येतो. यावर उपाय वेग कमी करण्याचाच.

हात बदलूनही नमुना टिकला, की तो सेटवर न्यायचा. तीन ठोके उजव्या हाताने राइड सिंबलवर आणि दोन ठोके डाव्या पायाने हाय-हॅटच्या पेडलवर. पाय हातापेक्षा जड चालतो, त्यामुळे मोजणी पुन्हा सहापासूनच सुरू करावी लागते. पाय बसल्यावर मोकळा राहिलेला डावा हात चौथ्या भागावर स्नेअर वाजवतो. त्या क्षणी राइड गप्प असते, त्यामुळे पायाचा ठोका उशिरा आला तर तो स्नेअरपासून सुटा, स्पष्ट ऐकू येतो.