रोजनिशीतला रायगड

कार्यपत्रिकेत ‘अविस्मरणीय सहलीची रोजनिशी लिहा’ असं आलं, की बरीच मुलं सहलीचा निबंध लिहितात आणि गुण तिथेच जातात. समजा, प्रश्न 5 गुणांचा आहे: मांडणीला 1, आशयाला 2, भाषेला 2. वर तारीख, वार, वेळ लिहिली की मांडणीचा गुण हातात. आशयासाठी अख्खा दिवस नको, एक प्रसंग पुरे:

‘आज जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींचं नाव कोरलेलं पाहिलं. एवढा गड बांधणाऱ्यानं नावासाठी पायरीच का निवडली असेल? अजून तेच मनात घोळतंय.’

‘रायगड स्वराज्याची राजधानी होती’ हे वाक्य खरं, पण ते इतिहासाच्या पेपरातलं. रोजनिशी त्याच रात्री, स्वतःशी बोलल्यासारखी हवी; भाषेचे गुण त्यावरच ठरतात.