ईसीजीच्या रेषा काय सांगतात?

छातीत दडपल्यासारखे वाटते म्हणून तुमचा ईसीजी काढला, तर डॉक्टर त्या पट्टीत नेमके काय शोधतात?

पट्टीवर डावीकडून उजवीकडे वेळ मोजतात. साधारणपणे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदांचा असतो. प्रत्येक ठोक्यात आधी छोटी, गोलसर पी लहर येते; ती हृदयाच्या वरच्या कप्प्यांची. त्यानंतरचा टोकदार क्यूआरएस खालच्या कप्प्यांचा. शेवटच्या टी लहरीत हे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात.

तुमच्या तक्रारीत सर्वांत महत्त्वाचा असतो क्यूआरएस आणि टी यांच्यामधला एसटी हा तुकडा. एरवी तो मूळ रेषेच्या पातळीवर असतो. हृदयाची रक्तवाहिनी अचानक पूर्ण बंद झाली, तर त्या भागावरच्या लीडमध्ये तो वर उचलला जातो.

समजा, दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी दोन लहान चौकोन वर आहे आणि एव्हीएलमध्ये खाली दबला आहे. पहिल्या तिन्ही लीड हृदयाचा खालचा भाग पाहतात. म्हणजे झटका तिथे आहे आणि बहुधा उजवी रक्तवाहिनी बंद आहे. ती तातडीने उघडावी लागते.

मात्र काही निरोगी तरुणांतही एसटी थोडा वर दिसतो. उलट, झटका येत असतानाही पहिली पट्टी नॉर्मल येऊ शकते. म्हणून थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन तपासतात. पट्टी नॉर्मल असूनही दुखणे थांबत नसेल, तर घरी जाऊ नका. घरी असाल तर १०८ ला फोन करा.