फुटलेल्या बरण्यांचा हिशेब

रत्नागिरीतला एखादा दुकानदार काचेच्या बरण्यांतून लोणचं पुण्याला पाठवतो आणि महिन्यात तीन पार्सलं फुटून पोहोचतात, असं समजू. तो रागाने पानभर लिहितो, पण पावती क्रमांक एकही देत नाही. अशा पत्राला भरपाई मिळणं कठीणच.

प्रत्येक पार्सलची बुकिंगची तारीख, पावती क्रमांक, बिलाची रक्कम आणि फुटलेल्या बरण्यांची संख्या पत्रात हवी. ग्राहकाने खोका उघडण्याआधी काढलेला फोटो फार मोलाचा. चेपलेला कोपरा किंवा तेलाचा डाग नुकसान वाटेतच झाल्याचं दाखवतो. आत बरण्या कशा गुंडाळल्या होत्या, हेही लिहावं. कारण कंपनी पहिलं बोट पॅकिंगवरच ठेवते.

पावतीमागची बारीक अक्षरं मात्र जड जातात. डीएचएलविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली, ग्राहकाने सही केलेल्या पावतीवरची 100 डॉलरची मर्यादा मान्य केली होती. म्हणून किमती मालाची किंमत बुकिंगलाच जाहीर करून विमा घ्यावा.

माल रस्त्याने गेला असेल, तर 2007च्या कायद्यानुसार दाव्याआधी लेखी नोटीस लागते, तीही बुकिंगपासून 180 दिवसांत. दुकानदाराने पत्र पोचपावतीसह पाठवावं आणि त्यात नेमकी रक्कम मागावी.