शोकसभेत काय वाचावं?

गेल्या महिन्यात अमरावतीत आमच्या ऑफिसातल्या काकांच्या शोकसभेत हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती सगळेच होते. प्रार्थना वाचायचं माझ्यावर आलं.

आपल्याकडे अशा सर्वधर्मीय प्रार्थनेची वाट जुनीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. मोझरीच्या गुरुकुंजात त्यांच्या पुण्यतिथीला आधी मौन श्रद्धांजली, मग सर्वधर्म प्रार्थना होते. मी मात्र सगळ्यांना चालेल अशी एकच प्रार्थना लिहिली.

पहिली अडचण ‘आत्म्यास शांती लाभो’. बौद्ध धम्म आत्मा मानत नाही, त्यामुळे गेलेली व्यक्ती बौद्ध असेल तर घरचेच अवघडतात. ‘पुन्हा जन्म घ्या’ मुस्लिम, ख्रिस्ती मंडळींना पटत नाही. म्हणून मागणं गेलेल्यासाठी नाही, मागे राहिलेल्यांसाठी ठेवलं:

“काका, तुम्ही आमच्यात होता, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तुमच्या घरच्यांना हे दुःख सोसायचं बळ मिळो. तुमचं राहिलेलं काम आमच्या हातून होवो. आता प्रत्येकानं आपापल्या श्रद्धेप्रमाणे एक मिनिट उभं राहून मौन स्मरण करावं.”

‘आपापल्या श्रद्धेप्रमाणे’ गाळू नका. दुआ, त्रिशरण, रामनाम सगळं त्यातच बसतं. हात जोडा असंही सांगू नका. घड्याळ लावा अन् मौन संपल्यावर ‘धन्यवाद, बसावे’ म्हणा, नाहीतर लोक एकमेकांकडेच पाहत राहतात.

घरच्यांना मजकूर आधी दाखवा बरं. काही अडलं तर विचारा.